दहा हजार सैनिकांची नोंदवही

बुद्धिबळाच्या पटावर आरंभी बत्तीस सोंगट्या असतात. खेळणारा विचार करीत असतो तोवर त्या साऱ्या जागच्या जागी उभ्या असतात, आणि खेळी झाली म्हणजे पुन्हा स्तब्ध होतात. संगणकावरील ‘रिअल-टाइम स्ट्रॅटेजी’ ह्या प्रकारच्या खेळांत अशी पाळीपाळीने खेळी करावयाची सोय नाही. तेथे पायदळ चालत असते, त्याच क्षणी धनुर्धारी बाण सोडीत असतात, लाकूडतोडे रानातून परतत असतात आणि बुरुजावरून मारा चालू असतो. खेळणाऱ्याने काही केले नाही तरी युद्ध थांबत नाही. अशा खेळात पन्नास सैनिक असतील तर संगणकाला त्याचे काहीच वाटत नाही. परंतु दहा हजार असतील तर चित्र अडखळू लागते आणि आज्ञा उशिरा पाळल्या जातात. असे का होते, आणि ‘एन्टिटी कॉम्पोनंट सिस्टिम’ ह्या नावाची रचना त्यावर कोणता उपाय योजते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम वेळेचा हिशेब करू. समजा, खेळातील जग सेकंदाला तीस वेळा पुढे सरकते. अशा एका सरकण्यास आपण ‘पाऊल’ म्हणू. मग एका पावलासाठी सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. सैनिक दहा हजार असतील, तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ३.३ मायक्रोसेकंद, म्हणजे ३,३०० नॅनोसेकंद येतात. एवढ्या अवधीत त्या सैनिकाला चालवावयाचे, शेजाऱ्याला धडकू द्यावयाचे नाही, शत्रू शोधावयाचा, शस्त्र चालवावयाचे आणि जखमांची नोंद ठेवावयाची. अशी दहा कामे धरली तर एका कामाला ३३० नॅनोसेकंद उरतात.

ही वेळ बेरीज-गुणाकारांना अपुरी आहे असे मुळीच नाही. आजचा प्रोसेसर एका नॅनोसेकंदात अनेक बेरजा करतो. अडचण निराळीच आहे. ज्या संख्यांची बेरीज करावयाची त्या संगणकाच्या मुख्य स्मृतीत असतात, आणि तेथून एखादी संख्या प्रोसेसरपर्यंत आणण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. तीन-चार वेळा अशी खेप करावी लागली की ३३० नॅनोसेकंद संपलेच. हिशेबनीस चपळ आहे, पण त्याचा बहुतेक वेळ कागद येण्याची वाट पाहण्यात जातो, असा हा प्रकार आहे.

ही खेप वाचावी म्हणून प्रोसेसरच्या अगदी निकट ‘कॅश’ नावाची लहानशी पण अतिशय जलद स्मृती ठेवलेली असते. मुख्य स्मृतीतून काहीही मागविले तरी ते एकटे येत नाही. बहुतेक प्रोसेसरांत त्याच्या शेजारचा मजकूर धरून ६४ बाइटांची एक सबंध ओळ कॅशमध्ये येते. पुढे लागणारी संख्या त्याच ओळीत असेल, तर ती जवळजवळ फुकट मिळते. ती दुसरीकडे कोठे असेल, तर पुन्हा नवी खेप करावी लागते. म्हणून दहा हजार सैनिकांच्या खेळात खरा प्रश्न हा, की कोणती संख्या कोणत्या संख्येशेजारी ठेवावी.

खेळ लिहिताना बहुतेकांना प्रथम सुचणारी पद्धत अशी असते, की प्रत्येक सैनिकाची एक नोंद करावी आणि त्याचे सारे काही तीत ठेवावे: स्थान, वेग, प्रकृती, शस्त्र, मिळालेली आज्ञा, चित्र, आवाज. माणसाच्या विचाराला ही पद्धत सोयीची आहे. अशी एक नोंद ४०० बाइटांची आहे असे धरू. सैनिक निरनिराळ्या वेळी तयार झालेले असतात, त्यामुळे त्यांच्या नोंदीही स्मृतीत जागा मिळेल तेथे विखुरलेल्या असतात.

आता सर्व सैनिकांना एक पाऊल पुढे न्यावयाचे आहे. त्यासाठी प्रत्येकाच्या फक्त चार संख्या लागतात: आडवे स्थान, उभे स्थान, आडवा वेग व उभा वेग. प्रत्येक संख्येस ४ बाइट, म्हणजे एकूण १६ बाइट. स्थान नोंदीच्या आरंभी आणि वेग मध्यावर असेल, तर ह्या १६ बाइटांसाठी ६४ बाइटांच्या दोन ओळी आणाव्या लागतील. दहा हजार सैनिकांच्या वीस हजार ओळी झाल्या. प्रत्येक ओळीला १०० नॅनोसेकंद धरल्यास केवळ चालण्यासाठी २ मिलिसेकंद खर्ची पडतात, आणि आणलेल्या मजकुरापैकी सात-अष्टमांश भाग न वाचताच टाकून दिला जातो.

शाळेतील मुलांच्या सरासरी उंचीचे उदाहरण घेतले म्हणजे ह्या उधळपट्टीची कल्पना येईल. प्रत्येक मुलाची फाइल निरनिराळ्या कपाटात असेल, तर एक आकडा पाहण्यासाठी सबंध फाइल काढून आणावी लागते. तेच उंचीचे स्वतंत्र रजिस्टर असेल, तर एका पानावर चाळीस मुलांचे आकडे एकाखाली एक सापडतात. एन्टिटी कॉम्पोनंट सिस्टिम म्हणजे फाइलींची पद्धत सोडून रजिस्टरांची पद्धत स्वीकारणे होय.

तिच्या नावात तीन शब्द आहेत. ‘एन्टिटी’ म्हणजे खेळातील कोणतेही पात्र, मग तो सैनिक असो, झाड असो वा सुटलेला बाण असो. परंतु ह्या पात्राजवळ स्वतःचे असे काहीही नसते. ते म्हणजे केवळ एक क्रमांक, हजेरीपटावरील क्रमांकासारखा. ‘कॉम्पोनंट’ म्हणजे त्या पात्राचे एकेक अंग: स्थान हे एक अंग, वेग हे दुसरे, प्रकृती हे तिसरे. एका प्रकारची सर्व अंगे एका रजिस्टरात सलग मांडलेली असतात. ‘सिस्टिम’ म्हणजे एक ठरावीक प्रक्रिया. ती आपल्याला लागतील तेवढीच रजिस्टरे उघडते, वरपासून खालपर्यंत एकदा फिरते आणि थांबते. चालण्याच्या प्रक्रियेला स्थान व वेग यांपलीकडे काहीही ठाऊक नसते. ती पुढीलप्रमाणे लिहिता येते:

```
for (i = 0; i < n; i++) {
    x[i] += vx[i] * dt;
    y[i] += vy[i] * dt;
}
```

येथे `n` ही सैनिकांची संख्या आणि `dt` हा एका पावलाचा काळ आहे. `x`, `y`, `vx` आणि `vy` ही चार रजिस्टरे होत. प्रत्येकात दहा हजार संख्या, म्हणजे ४०,००० बाइट, म्हणजे ६२५ ओळी. चार रजिस्टरांच्या मिळून २,५०० ओळी झाल्या. वीस हजारांच्या जागी अडीच हजार! शिवाय ह्या ओळी एकापाठोपाठ एक लागत असल्यामुळे पुढची ओळ कोणती लागणार हे प्रोसेसर आपण होऊन ओळखतो आणि ती मागण्यापूर्वीच आणून ठेवतो. त्यामुळे प्रत्यक्षात होणारी बचत आठपटीहून अधिक असते.

ह्या रचनेचा उगम मात्र केवळ वेगाच्या गरजेतून झालेला नाही. पात्रांची वर्गवारी करताना जो गुंता होतो, तो सोडविण्यासाठी अंगांची कल्पना प्रथम पुढे आली. बुरुजाचे उदाहरण घ्या. तो इमारतींच्या वर्गात घालावा की योद्ध्यांच्या? तो धनुर्धाऱ्यासारखा बाण सोडतो, पण चालत नाही. वर्गांची वंशावळ करू पाहणाऱ्यास अशी प्रत्येक वस्तू पेचात टाकते. अंगांच्या पद्धतीत हा पेचच उद्भवत नाही. बुरुजाला स्थान, प्रकृती व शस्त्र ही अंगे दिली आणि वेग हे अंग दिले नाही, की काम झाले. बाण सोडण्याची प्रक्रिया त्याला घेईल आणि चालण्याची प्रक्रिया त्याच्याकडे पाहणारही नाही. २००२ साली स्कॉट बिलास यांनी ‘डंजन सीज’ ह्या खेळाच्या रचनेविषयी गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये जे व्याख्यान दिले, त्यात पात्रे अशी अंगांतून घडविण्याचा पुरस्कार केलेला होता. सलग रजिस्टरांमुळे मिळणाऱ्या वेगाकडे लक्ष वेधले गेले ते पुढील काळात.

अर्थात पात्रांची अंगे सारखी नसली, तर एकाच रजिस्टरात रिकाम्या जागा पडतील. म्हणून ज्यांची अंगे तंतोतंत सारखी आहेत अशी पात्रे एका गटात ठेवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी वापरतात. बुरुजांचा गट निराळा, पायदळाचा निराळा. ‘युनिटी’ ह्या खेळ बनविण्याच्या साधनात असा प्रत्येक गट १६ किलोबाइटांच्या खणांत विभागलेला असतो, आणि एका खणात त्या गटाच्या काही पात्रांची सर्व रजिस्टरे शेजारी शेजारी बसविलेली असतात.

येथपर्यंत सर्व काही सरळ वाटते. परंतु युद्धात सैनिक मरतात, आणि रजिस्टरांची पद्धत प्रथम अडखळते ती नेमकी येथेच.

समजा, ३१२व्या ओळीवरचा सैनिक मेला. ती ओळ रिकामी ठेवली, तर हळूहळू रजिस्टर छिद्रांनी भरून जाईल. खालच्या सर्व ओळी एकेक वर सरकवाव्यात, तर जवळजवळ दहा हजार नोंदी हलवाव्या लागतील. म्हणून सोपी युक्ती अशी, की शेवटच्या, म्हणजे १०,०००व्या ओळीवरचा सैनिक उचलून ३१२व्या ओळीवर ठेवावा आणि एकूण संख्या ९,९९९ करावी. हलवाहलव एकाच नोंदीची झाली आणि रजिस्टर सलग राहिले. सैनिकाची ओळ बदलली तरी त्याचा क्रमांक बदलत नाही. कोणता क्रमांक सध्या कोणत्या ओळीवर आहे, हे सांगणारी एक वेगळी सूची तेवढी ठेवावी लागते.

तथापि ही अदलाबदल प्रक्रिया चालू असतानाच केली तर काय होईल? प्रक्रिया ३१२व्या ओळीवर आहे, तेथील सैनिक मेला, शेवटचा सैनिक त्याच्या जागी आला, आणि प्रक्रिया ३१३व्या ओळीकडे निघून गेली. नव्याने ३१२वर आलेल्या सैनिकाचे काम त्या पावलापुरते झालेच नाही. पडद्यावर हा दोष मोठा चमत्कारिक दिसतो: एका टोकास एखादा सैनिक पडला, की त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेला दुसऱ्या टोकाचा सैनिक क्षणभर गोठतो. हे लक्षण दिसले की कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. उपायही साधा आहे. प्रक्रिया चालू असता रजिस्टरांच्या ओळींना हात लावावयाचा नाही. मेलेल्यांचे क्रमांक एका यादीत टिपून ठेवावयाचे आणि सर्व प्रक्रिया आटोपल्यावर ती यादी एकदम अमलात आणावयाची.

ह्याहून फसवा दोष क्रमांकांचा आहे. एका धनुर्धाऱ्याने ९०० क्रमांकाच्या शत्रूच्या घोडेस्वारावर नेम धरला आहे. तेवढ्यात दुसऱ्या कोणाच्या बाणाने तो घोडेस्वार मेला. क्रमांक मोकळा झाला म्हणून पुढच्याच पावलात गावात जन्मलेल्या आपल्याच एका शेतकऱ्याला तो दिला गेला. धनुर्धाऱ्याच्या नोंदीत अद्याप ‘लक्ष्य: ९००’ असेच आहे, तेव्हा तो वळून आपल्याच शेतकऱ्यावर बाण सोडतो. खेळणारा ह्याला फितुरी समजेल, पण हा केवळ जुन्या पत्त्यावर गेलेला निरोप आहे.

यासाठी क्रमांकाबरोबर पिढीही नोंदवितात. घोडेस्वार ‘९००, पिढी पहिली’ होता. शेतकरी ‘९००, पिढी दुसरी’ झाला. धनुर्धाऱ्याजवळ पहिल्या पिढीचा पत्ता आहे आणि सूचीत आता दुसरी पिढी दिसते. दोन्ही जुळत नाहीत, तेव्हा आपले लक्ष्य आता जिवंत नाही हे त्यास कळते आणि तो दुसरा शत्रू शोधू लागतो. एका लहानशा संख्येने एका निरपराध शेतकऱ्याचा जीव वाचतो.

आता ह्या रचनेची मर्यादा पाहू. दुसरा शत्रू शोधणे किंवा शेजाऱ्याला न धडकणे ह्यासाठी जवळ कोण आहे हे कळावे लागते. प्रत्येक सैनिकाने इतर ९,९९९ जणांपासूनचे आपले अंतर मोजावयाचे म्हटले, तर एका पावलात सुमारे दहा कोटी मोजण्या होतात. रजिस्टरे कितीही सलग असली आणि एका मोजणीस एकच नॅनोसेकंद लागला, तरी १०० मिलिसेकंद झाले. म्हणजे पावलाला मिळणाऱ्या वेळेच्या तिप्पट. मांडणी सुधारल्याने प्रत्येक मोजणी स्वस्त होते, पण नको असलेली मोजणी टळत नाही.

ती टाळण्यासाठी रणभूमीवर चौकटी आखतात. चार मीटरांच्या आतील शेजारी हवे असतील, तर चार मीटर बाजूच्या चौकटी कराव्यात आणि पावलाच्या आरंभी प्रत्येक सैनिक कोणत्या चौकटीत आहे हे लिहून घ्यावे. मग आपली एक आणि भोवतालच्या आठ, अशा नऊच चौकटी पाहणे पुरते. एका चौकटीत सरासरी चार सैनिक असतील, तर प्रत्येकाला सुमारे ३६ मोजण्या, आणि सर्वांच्या मिळून ३ लाख ६० हजार. दहा कोटींच्या मानाने ही संख्या अगदीच क्षुल्लक होय. मात्र सारे सैन्य एखाद्या पुलावर एकवटले आणि चौकटीत चारांऐवजी चाळीस जण मावू लागले, तर मोजण्या दसपट होतात. म्हणून खेळ मोकळ्या मैदानात सुरळीत चालतो आणि पुलाशी गर्दी होताच मंदावतो, असे आढळल्यास दोष रजिस्टरांत नसून चौकटींत आहे असे समजावे.

शेवटचा मुद्दा अनेकांनी मिळून खेळण्याचा. १९९७ साली ‘एज ऑफ एम्पायर्स’ हा खेळ निघाला, तेव्हा पुष्कळांजवळ टेलिफोनवरून चालणारा २८.८ किलोबिटांचा मोडेम असे. त्यातून सेकंदाला फार तर ३,६०० बाइट जात. १,५०० सैनिकांचे केवळ स्थान ८ बाइटांत लिहिले तरी १२,००० बाइट होतात, म्हणजे ते एकदा कळविण्यासच तीन सेकंदांहून अधिक लागले असते. ह्या खेळाच्या रचनाकारांनी म्हणून सैनिकांची स्थाने पाठविलीच नाहीत. प्रत्येकाच्या संगणकावर तेच युद्ध स्वतंत्रपणे चालविले आणि खेळणाऱ्यांच्या आज्ञा तेवढ्या एकमेकांना कळविल्या. आज्ञा त्याच असतील आणि हिशेब तंतोतंत तोच असेल, तर निकालही तोच येणार.

ह्या ‘तंतोतंत’ शब्दाला रजिस्टरांच्या पद्धतीत जपावे लागते. प्रक्रियांना लागणारी रजिस्टरे आधीच ठाऊक असल्यामुळे काम वाटून देणे सोपे जाते. प्रोसेसरच्या चार गाभ्यांना प्रत्येकी अडीच हजार सैनिक नेमून देता येतात. पण मेलेल्यांच्या यादीत ज्या गाभ्याचे काम आधी संपले त्याने आधी नावे लिहिली, तर यादीचा क्रम दोन संगणकांवर निराळा होईल. क्रम निराळा, म्हणजे रिकाम्या ओळींवर येणारे सैनिक निराळे, म्हणजे रजिस्टरांचा क्रम निराळा. मग एखाद्या धनुर्धाऱ्यापासून दोन शत्रू समान अंतरावर असले आणि ‘जो प्रथम सापडेल तो’ असा नियम असला, तर एका संगणकावर एक मरतो व दुसऱ्यावर दुसरा. तेथून पुढे दोन खेळाडू दोन निरनिराळी युद्धे खेळत असतात आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. म्हणून यादी अमलात आणण्यापूर्वी ती पात्रांच्या क्रमांकांनुसार लावून घेतात. शिवाय ठरावीक पावलांनंतर सर्व स्थानांचा व प्रकृतींचा एक पडताळा-अंक काढून तो परस्परांशी ताडून पाहतात. तो जुळला नाही, की गडबड कोणत्या पावलाच्या आसपास झाली हे लगेच कळते.

अशा खेळात कोठे काय बिघडले आहे, हे ओळखण्याची एक सोपी चाचणी सांगून हा लेख संपवू. प्रत्येक प्रक्रियेला किती वेळ लागतो हे स्वतंत्रपणे मोजावे आणि मग सैनिकांची संख्या दुप्पट करावी. चालण्याचा वेळ दुप्पट झाला, तर रजिस्टरे नीट आहेत. एखाद्या प्रक्रियेचा वेळ चौपट झाला, तर तीत कोठेतरी प्रत्येक जण प्रत्येकाला पाहत आहे. आणि एका विशिष्ट संख्येपर्यंत वेळ प्रमाणात वाढून तेथून एकाएकी अधिक वाढू लागला, तर रजिस्टरे कॅशमध्ये मावेनाशी झाली असून खेपा सुरू झाल्या आहेत असे समजावे. ज्याच्या खेळात पन्नासच सैनिक आहेत त्याने ह्या खटाटोपात पडू नये. त्याला फाइलींची पद्धत पुरते. दहा हजारांच्या सेनापतीला मात्र आपल्या सैन्याची नोंदवही कशी मांडली आहे, हे लढाईपूर्वीच पाहून घ्यावे लागते.